द्वैभाषिक वेबसाइटचा मेनू आणि भाषा बदलायचं बटण: मराठीत नेमकं काय तपासायचं?

निरगाठ

नमस्कार मंडळी. एका प्रशिक्षण संस्थेची मराठी-इंग्रजी वेबसाइट तयार होते आहे. बांधणी बाहेरच्या डेव्हलपरने केली आहे आणि साइट सुरू होण्याआधी मराठी बाजू तपासून देण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. मजकुराचं मुद्रितशोधन झालंय, त्याबद्दल काही विचारायचं नाही. अडलंय ते वरच्या पट्टीपाशी: सात शब्दांचा मेनू आणि त्याच्या उजवीकडे भाषा बदलायचं बटण.

मेनू माझ्या संगणकावर एका ओळीत नीट बसतो. संस्थेतल्या एका लॅपटॉपवर मात्र तो दोन ओळींचा होतो आणि दुसरी ओळ खालच्या मोठ्या चित्रावर चढते. "विद्यार्थ्यांसाठी" मधला रफार आणि अनुस्वार वरून कापला जातो, "मुखपृष्ठ" मधला ऋकार खालून अर्धाच दिसतो. आणि मोबाइलवर भाषेचं बटण तीन रेघांच्या मेनूत गेलंय, तेही सगळ्यात तळाला.

डेव्हलपरचं म्हणणं असं की इंग्रजीत सगळं व्यवस्थित आहे, मराठी शब्दच मोठे आहेत, ते छोटे करून द्या. हे कितपत खरं? "बरं दिसत नाही" एवढंच लिहून मला अहवाल द्यायचा नाही. पद्धतशीर तपासायचं तर कुठून सुरुवात करू?

रानवारा

डेव्हलपर चुकीचं बोलत नाहीये. मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण तीस टक्के जास्त जागा घेतो असं धरूनच चालावं. आम्ही आमच्या साइटला नियमच घातला होता: मेनूतला कोणताही शब्द बारा अक्षरांच्या वर जाता कामा नये. तसा नियम करा आणि बसत नाही तिथे टिंबं येऊ द्या. माउस नेला की पूर्ण नाव दिसेल अशी सोय करता येते.

ओळंबा

रानवारा, जागेचा अंदाज आधीच घ्यावा हे तुमचं म्हणणं पटतं. पण तो अक्षरं मोजून घेता येत नाही, आणि सरसकट टक्केवारीनेही नाही.

"विद्यार्थ्यांसाठी" हाच शब्द घ्या. आपण वाचतो तेव्हा वि, द्या, र्थ्यां, सा, ठी अशी पाच अक्षरं असतात. संगणक मात्र प्रत्येक मात्रा, प्रत्येक मोडलेला पाय आणि अनुस्वार वेगळा मोजतो आणि सतरा सांगतो. म्हणजे तुमच्या बाराच्या नियमात हा शब्द बाद होणार, आणि इंग्रजीतला `For Students` बरोबर बारा भरतो म्हणून पास होणार. पडद्यावर दोघांची रुंदी जवळपास सारखीच असते. डेटाबेसमधली मर्यादा बाइटमध्ये असेल तर प्रकरण आणखी वाढतं, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. हा एक शब्द एक्कावन्न बाइटचा होतो.

टिंबांचा मार्ग तर मराठीला जास्तच महागात पडतो. टिंबं सीएसएसने आली तर निदान तुटणारी अक्षरं अख्खी तरी राहतात. पण काही जण स्क्रिप्टने पहिली दहा चिन्हं ठेवून बाकीची उडवतात. या शब्दावर ते केलं की उरतं "विद्यार्थ्…", शेवटचा थ पाय मोडून लटकलेला. आणि माउस नेल्यावर दिसणारं नाव मोबाइलवर दिसणारच नाही.

निरगाठ, तुम्ही सरळ पिक्सेल मोजा. साइट उघडून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हे चालवा, आधी इंग्रजी पानावर, मग मराठी पानावर:

```js
document.fonts.ready.then(() => {
  document.querySelectorAll('nav a').forEach(a =>
    console.log(a.textContent.trim(),
      Math.ceil(a.getBoundingClientRect().width)));
});
```

पहिली ओळ महत्त्वाची आहे. वेबफॉन्ट उतरण्याआधी मोजलंत तर संगणकातल्या फॉन्टची रुंदी मिळेल आणि आकडे फसवतील. येणाऱ्या रुंदीत दोन्ही बाजूंची मोकळी जागाही धरलेली असते, ती वजा करून इथे टाका. सोबत लोगोची आणि भाषेच्या बटणाची रुंदी, आणि कोणत्या रुंदीला मेनू तीन रेघांत जातो तो आकडाही.

गुंतवळ

एवढा खटाटोप कशाला? ब्राउझरमध्ये आपोआप भाषांतर होतंच की. आमच्या मंडळाच्या साइटवर एक तयार विजेट टाकलंय, त्यातून हवी ती भाषा निवडता येते. मराठी पानं वेगळी ठेवायचीच गरज पडत नाही.

ओळंबा

गुंतवळ, इथे मराठी मजकूर आधीच लिहून तपासून तयार आहे. तो पट्टीत नीट बसतो का आणि नीट दिसतो का, एवढाच प्रश्न आहे. विजेट वापरलं तरी हा प्रश्न सुटत नाही, उलट मेनूत कोणता शब्द येईल हेच आपल्या हातात राहत नाही.

निरगाठ

मोजलं. बाजूची जागा वजा करून इंग्रजी: `Home` ४५, `About` ४४, `Courses` ६०, `Timetable` ७४, `For Students` ९०, `FAQ` ३४, `Contact` ५७.

मराठी: मुखपृष्ठ ५२, आमच्याविषयी १०२, अभ्यासक्रम ९२, वेळापत्रक ७८, विद्यार्थ्यांसाठी १०६, नेहमी विचारले जाणारे प्रश्न २०५, संपर्क ४६.

इंग्रजीला अक्षरांचा आकार १६ पिक्सेल आहे, मराठीला १८ ठेवलाय. प्रत्येक शब्दाच्या दोन्ही बाजूंना १६-१६ जागा. लोगो १५०, भाषेचं बटण ८०, पट्टीच्या दोन्ही कडांना २४-२४. मेनू ९९२ च्या खाली तीन रेघांत जातो.

ओळंबा

छान, आता अंदाज बांधायची गरजच उरली नाही. इंग्रजी शब्दांची बेरीज ४०४, मराठीची ६८१. फरक २७७ चा. त्यातले १७१ एकट्या "नेहमी विचारले जाणारे प्रश्न" ने खाल्ले आहेत आणि ५८ "आमच्याविषयी" ने. उरलेल्या पाच शब्दांत मिळून फरक फक्त ४८ चा आहे, आणि तोही बराचसा १८ च्या आकारामुळे. "संपर्क" तर मोठ्या आकारातही `Contact` पेक्षा लहान भरतो. म्हणून तीस टक्क्यांचा हिशेब इथे लागू पडत नाही. इंग्रजीतले अगदी छोटे शब्द आणि आद्याक्षरं मराठीत कित्येक पटींनी वाढतात, लांब शब्द बहुतेक वेळा तेवढेच राहतात.

आता पूर्ण पट्टी. मराठीचे ६८१, सात शब्दांच्या बाजूची जागा २२४, लोगो आणि बटण मिळून २३०, कडांचे ४८. एकूण ११८३. म्हणजे ९९२ ते ११८३ या पट्ट्यात मराठी मेनू एका ओळीत बसूच शकत नाही. इंग्रजीला ९०६ पुरतात, म्हणून डेव्हलपरला काही दिसलं नाही.

संस्थेतला तो लॅपटॉप १३६६ रुंदीचा आहे का, आणि झूम किंवा विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के आहे का, एवढं बघाल? तसं असेल तर ब्राउझरच्या हिशेबाने ती रुंदी १०९३ होते आणि नेमकी या पट्ट्यात येते.

निरगाठ

१३६६ आणि १२५ टक्के. दोन्ही तसंच आहे!

ओळंबा

मग कारण सापडलं. म्हणूनच मी नेहमी सांगतो, मोबाइल-टॅबलेट-डेस्कटॉप अशा तीन ठरावीक चौकटीत बघून समाधान मानू नका. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये रुंदीची कड पकडून ती सावकाश आत ओढत न्या आणि पट्टी कुठे मोडते ते बघा. मोडते ती जागा ठरावीक चौकटींच्या मधेच कुठेतरी असते.

उपाय दोन्ही बाजूंनी करा. "नेहमीचे प्रश्न" केलंत तर साधारण ११० वाचतील आणि गरज १०७३ वर येईल. १०९३ मधून उजवीकडची स्क्रोलपट्टी सतराएक पिक्सेल घेते, म्हणजे उरतात १०७६. तीन पिक्सेलने बसलं म्हणजे बसलं असं मी मानणार नाही, फॉन्ट बदलला की ते गेलं. "आमच्याविषयी" ऐवजी "परिचय" चालत असेल तर आणखी पन्नासएक मिळून गरज १०२१ होईल. आणि तीन रेघांत जाण्याची रुंदी ९९२ वरून वाढवून १०६० करा, दोन्ही भाषांसाठी एकच.

रानवारा

दोन्हीसाठी एकच का पण? सीएसएसमध्ये `html:lang(mr)` लावून मराठीपुरती वेगळी रुंदी देता येते. इंग्रजी वाचणाऱ्याला १००० वर पूर्ण मेनू दिसू शकत असताना तो लपवायचा कशाला?

ओळंबा

देता येते हे खरं. माझी हरकत वापराच्या बाजूने आहे. त्या मधल्या रुंदीवर इंग्रजीत पूर्ण मेनू आणि मराठीत तीन रेघा असं झालं, तर भाषा बदलल्याबरोबर पट्टीचा चेहराच पालटतो आणि माणूस आपण भलत्याच पानावर आलो की काय म्हणून थबकतो. पण फार मोठा पट्टा असेल, समजा इंग्रजीला ९०० पुरतात आणि मराठीला १३०० लागतात, तर तुमच्या मार्गाचा विचार करावा लागेल. हे साइट बघूनच ठरवायचं.

कोपरा

अक्षरं कापली जाण्याबद्दल मी लिहितो, हा प्रकार बऱ्याच साइटवर पाहिलाय.

आधी एक सोपी परीक्षा करा. कापलेल्या शब्दावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा आणि त्या दुव्याच्या नियमांत `overflow: hidden` समोरची खूण काढा. रफार लगेच पूर्ण दिसला तर फॉन्टचा काही दोष नाही, चौकट अपुरी आहे. खूण काढूनही तसाच राहिला तर वरच्या एखाद्या घटकाचा रंग त्यावर चढतोय का ते बघा, आणि तेही नसेल तरच फॉन्टकडे वळा.

माझा अंदाज असा की डेव्हलपरने जागा न पुरल्यास टिंबं यावीत म्हणून `text-overflow: ellipsis` लावलंय. त्याच्याबरोबर `overflow: hidden` येतंच, आणि ते आडवं कापतं तसंच उभंही कापतं. `line-height` १.२ असेल तर १८ च्या अक्षराला साडेएकवीस पिक्सेलची उंची मिळते. इंग्रजी अक्षरं तेवढ्यात आरामात मावतात. मराठीत शिरोरेषेच्या वर रफार, त्याला चिकटून अनुस्वार, आणि खाली ऋकार किंवा ट्र-ष्ट्र सारखी उतरंड. त्यांना साडेएकवीस पुरत नाहीत.

```css
nav a:lang(mr) {
  line-height: 1.6;
  padding-block: 6px;
  letter-spacing: normal;
}
```

कापण्याची हद्द आतल्या जागेच्या बाहेरच्या कडेला असते, म्हणून वरखाली दिलेली `padding` इथे उपयोगी पडते. पट्टीची उंची `height` ने बांधून टाकली असेल तर तीही सोडवून `min-height` करायला सांगा.

आता `letter-spacing` कडे लक्ष द्या. इंग्रजी मेनू मोठ्या लिपीत आणि जरा सुट्या अक्षरांत ठेवायची रीत आहे. मोठी लिपी मराठीला लागूच होत नाही, पण अक्षरांमधली वाढीव जागा लागू होते, आणि मग प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषेत फट पडते. शब्द एकसंध न दिसता सुटी अक्षरं शेजारी ठेवल्यासारखी दिसतात. तुमच्याकडे असं आहे का बघा. शंभर टक्क्यांवर डोळ्यांना चटकन जाणवत नाही, दोनशेवर नेऊन बघा.

निरगाठ

कोपरा, दोन्ही निघालं. `overflow` ची खूण काढताच अनुस्वार पूर्ण दिसला. आणि `letter-spacing: 0.08em` इंग्रजीसाठी लावलेलं मराठीलाही लागलंय. दोनशेवर "अभ्यासक्रम" ची शिरोरेषा तुटक दिसते आहे. इतके दिवस फॉन्टच असा असेल असं धरून चाललो होतो.

पण तुम्ही दिलेला नियम टाकून पाहिला तर काहीच बदललं नाही.

कोपरा

मराठी पानाच्या सुरुवातीला `<html lang="mr">` आहे का? बऱ्याचदा साचा इंग्रजी पानावरून उचललेला असतो आणि तिथे `en` तसंच राहून जातं. तसं असेल तर `:lang(mr)` ला पकडायला काही मिळतच नाही.

निरगाठ

`en` च होतं. माझ्या बाजूने तात्पुरतं बदलून पाहिलं आणि नियम लागला.

आरती_प

`lang` चा आणखी एक परिणाम सांगते. ज्या फॉन्टात मराठीची वेगळी वळणं दिलेली असतात, त्यात ल आणि श ही अक्षरं `mr` लिहिल्यावरच मराठी वळणाची येतात. नाहीतर हिंदी वळणाची दिसतात. आणि पडदा वाचून दाखवणारी साधनं कोणत्या आवाजात वाचायचं तेही यावरूनच ठरवतात.

मी मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी लिहायला आले. तुमच्या मेनूत "वेळापत्रक" आहे म्हणून आठवलं. मी एका साइटचं काम बघत होते, तिथे नेमका हाच शब्द विचित्र दिसायचा. वे ठीक, पत्रक ठीक, मधला ळा मात्र किंचित ठळक, आणि त्याच्या डोक्यावरची रेषा बाकीच्या रेषेपेक्षा जराशी खाली. दुरून वाटायचं की कुणीतरी मधेच वेगळ्या पेनाने लिहिलंय. क्रोममध्ये इन्स्पेक्ट करून `Computed` मध्ये अगदी तळाशी गेलं की `Rendered Fonts` असा भाग असतो. एका शब्दासाठी तिथे दोन फॉन्टांची नावं दिसली: एक आम्ही दिलेला, दुसरा विंडोजमधला `Nirmala UI`.

शोधत गेल्यावर कळलं की फाइल हलकी व्हावी म्हणून फॉन्टातली फक्त लागणारी अक्षरं ठेवली होती, आणि कोणती लागतात ते ठरवलं होतं एका हिंदी साइटच्या मजकुरावरून. तिथे ळ नव्हता आणि ॲ पण नव्हता. मराठीत ळ सारखा येतो, त्यामुळे जागोजागी ठिगळं दिसत होती. उपाय सोपा होता, देवनागरीचा पूर्ण विभाग `U+0900-097F` आणि सोबत `U+200C-200D` ठेवून फाइल पुन्हा बनवली.

तेव्हापासून मी मेनू तपासताना त्यात आज असलेल्या शब्दांवर थांबत नाही. एका दुव्यात तात्पुरती ही ओळ टाकून बघते: "राष्ट्रीय वाङ्मय कार्यकर्त्यांसाठी करणाऱ्यांना दृष्टिक्षेप ॲप वेळापत्रक". वरची गर्दी, खालची उतरंड, ऱ्या मधला चंद्रकोरीसारखा र, ळ, ॲ, सगळं एका ओळीत येतं. यात काही कापलं, तुटलं किंवा गोल टिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर पुढे कधी ना कधी मेनूतही ते येणार.

गुंतवळ

टिपक्यांचं वर्तुळ! ते आमच्याकडे "ॲप" मध्ये येतं, पण सगळीकडे नाही. एका पानावर नीट दिसतं आणि मेनूत वर्तुळ. हे का होतं?

आरती_प

मेनूत तो शब्द बहुधा अ टाइप करून पुढे वेगळी चंद्रमात्रा देऊन लिहिला गेलाय. स्वरावर अशी सुटी मात्रा ठेवली तर बरेच ब्राउझर ती चूक समजून मधे वर्तुळ घालतात. ॲ हे एकच अक्षर आहे, `U+0972`. ते २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलं, म्हणून जुन्या कीबोर्डावर ते नसायचं आणि लोक दोन चिन्हं जोडून काम भागवायचे. मेनूतला शब्द पुसून नव्या कीबोर्डने पुन्हा टाइप करा.

गुंतवळ

केलं, गेलं वर्तुळ. मनापासून आभार.

साधा_वाचक

तांत्रिक बाजू मला कळत नाही, पण भाषेच्या बटणाच्या जागेबद्दल वापरणारा म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. इंग्रजी पान उघडलं की ते "मराठी" हा शब्द शोधतात. तीन रेघा दाबल्या की आत काय काय असतं हे त्यांना माहीत नाही, आणि आतली यादी इंग्रजीत असली तर ते तिच्या तळापर्यंत जात नाहीत. बटण वर डोळ्यांसमोर हवं आणि त्यावर देवनागरीत "मराठी" च हवं. काही ठिकाणी `Marathi` असं इंग्रजीत लिहितात, त्याचा त्यांना उपयोग नाही. काही ठिकाणी नुसतं पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह असतं, त्यानेही त्यांना काही बोध होत नाही.

ओळंबा

साधा_वाचक यांनी अगदी नेमकं सांगितलं. ज्याला समोरची भाषा येत नाही त्याच्यासाठी ते बटण आहे, म्हणून त्याची जागा आणि त्यावरचा शब्द त्याच्याच नजरेने तपासायचा. निरगाठ, डेव्हलपर म्हणेल की मोबाइलवर जागा नाही. तुमच्याच आकड्यांनी बघू. ३२० ही तपासायची सगळ्यात अरुंद रुंदी धरा. लोगो १५०, बटण ८०, तीन रेघांना ४४, दोन्ही कडांना १६-१६. होतात ३०६. बसतं.

बटणाचा दुवा असा हवा:

```html
<a href="/en/timetable" lang="en" hreflang="en">English</a>
```

पत्ता नीट बघा. वेळापत्रकाच्या पानावरून `English` दाबलं तर इंग्रजी वेळापत्रकच उघडलं पाहिजे, मुखपृष्ठ नव्हे. हे मुखपृष्ठावर तपासून कधीच कळत नाही, आतल्या दोन-तीन पानांवरून करा. दुव्यावर `lang="en"` असल्यामुळे मराठी पानावरच्या त्या एका शब्दाला कोपरा यांचा मराठीचा नियम लागत नाही, हाही फायदा.

आणि बटणाला `min-width` द्या. "मराठी" आणि `English` यांची रुंदी वेगळी आहे. ती बांधली नाही तर भाषा बदलताना शेजारचा सगळा मेनू काही पिक्सेल सरकतो.

रानवारा

बटणावर फक्त दुसऱ्या भाषेचं नाव ठेवण्यापेक्षा "मराठी | `English`" अशी दोन्ही नावं शेजारी ठेवून चालू असलेली ठळक करावी. एकच नाव असलं की ते आत्ताच्या भाषेचं की दाबल्यावर येणाऱ्या भाषेचं, असा गोंधळ उडतो. आमच्याकडे लोकांनी हे स्वतःहून सांगितलं होतं.

आरती_प

दोनच भाषा असतील तर मला एकच नाव पुरेसं वाटतं. पान मराठीत वाचत असताना कोपऱ्यात `English` दिसलं तर अर्थ उघड आहे. दोन्ही ठेवलीत तर चालू भाषा नुसत्या रंगाने दाखवू नका, `aria-current="true"` पण द्या. दोन्ही नावांना वेगवेगळे फॉन्ट असतील तर `align-items: center` ने त्यांच्या तळरेषा वरखाली होतात, तिथे `baseline` वापरा.

ओळंबा

दोन्ही ठेवायचं तर रुंदी ८० ची साधारण १२० होईल. ३२० वर मग लोगो आखडावा लागेल, ३६० वर बसेल. रानवारा म्हणतात तो गोंधळ मीही पाहिलाय, आणि आरती म्हणतात तशी एकाच नावाने काम भागलेलीही पाहिली आहेत. यात माझा ठाम कौल नाही. शक्य असेल तर साधा_वाचक यांच्या वडिलांसारख्या दोन-चार जणांना दाखवून ठरवा.

निरगाठ

मंडळी, अहवाल पाठवला आणि त्यावर काम होऊन साइट पुन्हा तपासायला आली. "नेहमीचे प्रश्न" आणि "परिचय" संस्थेने मान्य केलं. तीन रेघांची रुंदी १०६० झाली. संस्थेच्या लॅपटॉपवर आता मेनू एका ओळीत आहे. वेबफॉन्ट अडवून `Nirmala UI` वरही बघितलं, बेरीज थोडी वाढली पण ओळ मोडली नाही. आरती यांची ओळ टाकून पाहिली, त्यात काही कापलं गेलं नाही. `lang` दुरुस्त झालं. मोबाइलवर बटण तीन रेघांच्या बाहेर आलंय, सध्या एकच नाव ठेवलंय.

एक गोष्ट अडकली आहे. काही सूचना फक्त मराठीत निघतात, त्यांची इंग्रजी पानं नाहीत. तिथे डेव्हलपरने बटणच काढून टाकलंय, त्यामुळे मेनू उजवीकडे सरकतो आणि माणूस बटण शोधत बसतो.

कोपरा

काढू नका, जागेवरच राहू द्या. दाबल्यावर इंग्रजीतल्या सूचनांच्या यादीवर न्या आणि तिथे वर एक ओळ द्या की ही सूचना फक्त मराठीत उपलब्ध आहे.

रानवारा

मी बटण फिकं करून ठेवीन. दाबल्यावर भलतंच पान उघडण्यापेक्षा ते बरं.

साधा_वाचक

फिकं बटण बघून माझे वडील साइट बिघडली असंच समजतील. कोपरा म्हणतात तसं, कारण सांगणारी ओळ असेल तर त्यांना कळेल. पण ती ओळ ज्याला वाचायची आहे त्याच्या भाषेत लिहा.

निरगाठ

दोन्ही सूचना डेव्हलपरला कळवतो. त्या यादीच्या पानावर वरची ओळ इंग्रजीतच असेल, कारण तिथे येणारा `English` दाबूनच आलेला असणार.